ऑटो-क्लीन नेमके काय साफ करते?

गेल्या पावसाळ्यात बासष्ट वर्षांच्या एका काकू खोकल्यासाठी आमच्या सांगलीतील दवाखान्यात येऊ लागल्या. त्यांना बऱ्याच वर्षांपासून सौम्य दमा आहे आणि एका प्रतिबंधक पंपावर तो आजवर आटोक्यात होता. आता मात्र रोज सकाळी अकराच्या सुमारास त्यांची छाती भरून येई आणि खोकल्याची उबळ थांबता थांबत नसे. ताप नव्हता, वजन घटले नव्हते, छातीच्या एक्स-रेमध्येही काही दोष नव्हता. पावसाळी दमटपणाला दोष देऊन मी पंपाची मात्रा वाढवली. तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा खोकला होता तसाच होता.

पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता तो प्रश्न मी तेव्हा विचारला. "काकू, खोकला सुरू होतो तेव्हा तुम्ही घरात कुठे असता?"

"कुठे असणार, डॉक्टर? ओट्यापाशी. पण आमच्याकडे चिमणी आहे हो, तीही ऑटो-क्लीनची. मुलगा दर रविवारी न चुकता बटण दाबतो."

मी त्यांना पीक फ्लो मीटर दिले. जोरात फुंकर मारली की श्वासनलिका किती मोकळ्या आहेत, हे या लहानशा उपकरणावरील आकडा सांगतो. आठवडाभर त्यांनी स्वयंपाकापूर्वी आणि स्वयंपाकानंतर नोंदी ठेवल्या. स्वयंपाकापूर्वी आकडा २९०च्या आसपास असे, नंतर तो २३०पर्यंत उतरे. आठवड्यातील एक दिवस सुनेला सुट्टी होती आणि काकू बाहेरच्या खोलीत बसून होत्या. त्या दिवशी आकडा जवळजवळ हललाच नाही. ही वही पाहिल्यावर मी एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि स्टेथोस्कोप बाजूला ठेवून चिमणी तपासली. तेथे जे दिसले, ते आपल्यापैकी अनेकांच्या घरी असण्याचा संभव आहे. म्हणून हा लेख.

धुराचा प्रवास आणि हीटरची जागा

कढईतून उठणारा धूर चिमणीतून तीन टप्प्यांनी बाहेर जातो. पहिला टप्पा फिल्टरचा. काही चिमण्यांत तो बारीक जाळीचा असतो. आपल्याकडे अधिक आढळतो तो पोलादी पट्ट्यांचा बॅफल फिल्टर. त्यातील वाकड्या पट्ट्यांमधून जाताना धुराला एकदम वळावे लागते. हवा वळते, पण तेलाचे जड थेंब वळू शकत नाहीत आणि पट्ट्यांवर आपटून तेथेच चिकटतात. दुसरा टप्पा ब्लोअरचा, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याचा आणि त्याभोवतीच्या धातूच्या घराचा. फिल्टरमधून निसटलेले तेल येथे बसते. तिसरा टप्पा बाहेर जाणाऱ्या नळीचा.

ऑटो-क्लीनचे बटण दाबले की तापते ती दुसऱ्या टप्प्यातील जागा. ब्लोअरच्या घराला लागून एक हीटर बसवलेला असतो. तो साधारण दहा ते पंधरा मिनिटे चालतो. पंख्याच्या पात्यांवर आणि भिंतींवर साचलेले तेल उष्णतेने पातळ होते, उतारावरून ओघळते आणि एका छिद्रातून खाली लावलेल्या तेलाच्या वाटीत उतरते. हिवाळ्यात डब्यात थिजलेले तूप चुलीजवळ ठेवल्यावर वितळते, त्यासारखीच ही क्रिया आहे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. हीटर ब्लोअरपाशी आहे, त्यामुळे त्याची उष्णता फिल्टरच्या पट्ट्या साफ करण्यासाठी योजलेली नाही. तसेच ती बाहेरच्या नळीतही पोहोचत नाही. ऑटो-क्लीन आणि फिल्टर धुणे ही दोन वेगळ्या जागांची दोन वेगळी कामे आहेत. एक केले म्हणून दुसरे टळत नाही. काकूंच्या घरी नेमका हाच गैरसमज झाला होता. चिमणी घेऊन तीन वर्षे झाली होती. बटण दर रविवारी दाबले जात होते, पण गेले दीड वर्ष फिल्टर कोणी काढलेच नव्हते. "आपोआप साफ होते असे सांगितले होते, म्हणून हात लावला नाही," असे त्यांचा मुलगा म्हणाला. त्याची चूक आळसाची नव्हती, बटणावरच्या नावाचा त्याने सरळ अर्थ घेतला होता.

आपल्या चिमणीला फिल्टरच नसेल, तर सगळे तेल ब्लोअरकडे जाते आणि उष्णतेची सफाई हाच तिचा मुख्य आधार ठरतो. अशा चिमणीतही धुराच्या वाटेवरची धातूची पट्टी आणि आतली पोहोचण्याजोगी बाजू हाताने पुसावी लागतेच.

वाटी रिकामी असण्याचा अर्थ

काकूंच्या चिमणीची वाटी काढून पाहिली, तर तिच्या तळाशी जेमतेम चमचाभर काळपट तेल होते. "बघा डॉक्टर, वाटीत काहीच साचत नाही, म्हणजे चिमणी स्वच्छ असणार," असे मुलगा म्हणाला. मला मात्र रिकाम्या वाटीचीच शंका आली. ज्या घरात रोज दोन फोडण्या होतात आणि आठवड्यातून एकदा भजी किंवा पुऱ्या तळल्या जातात, त्या घरातले तेल कोठे तरी जातच असणार. ते वाटीत नसेल, तर वाटेत अडकले आहे.

म्हणून आम्ही एक साधी परीक्षा केली. चिमणी सर्वांत जास्त वेगावर चालवून वर्तमानपत्राचे एक पूर्ण पान फिल्टरवर टेकवले आणि हात सोडला. चिमणीची ओढ चांगली असेल तर कागद तेथेच चिकटून राहतो. आमचे पान सरळ ओट्यावर येऊन पडले. नंतर मुख्य स्विच बंद करून दोन्ही फिल्टर काढले, चिमणी पुन्हा सुरू केली आणि शेगडीच्या उंचीवर एक पेटती उदबत्ती धरली. फिल्टर असताना ज्या उदबत्तीचा धूर कडेने खोलीत पसरत होता, तो आता सरळ वर ओढला गेला. फिल्टर काढल्यावर ओढ थोडीफार वाढतेच. पण येथे फरक थोडा नव्हता, रात्र आणि दिवस इतका होता. म्हणजे ब्लोअर आणि नळी ठीक होती, अडथळा फिल्टरमध्येच होता. फिल्टर काढूनही धूर वर जात नसता, तर दोष ब्लोअर किंवा नळीत आहे असे समजून तंत्रज्ञाला बोलवावे लागले असते. फिल्टर काढलेले असताना कागद किंवा कापड वर नेऊ नये, ते पंख्यात ओढले जाते. उदबत्तीही खालीच धरावी, तेलकट भागाजवळ नेऊ नये.

आता वाटीचे कोडे सुटले. पट्ट्यांमधल्या फटी पिवळसर चिकट थराने भरल्या होत्या. तेल तेथेच अडकत होते, हवाच आत जात नव्हती, त्यामुळे ब्लोअरपर्यंत तेलही पोहोचत नव्हते. दर रविवारी हीटर जवळजवळ रिकामे घर तापवत होता. फोडणीचा धूर मात्र चिमणीच्या कडेने काकूंच्या तोंडावर येत होता.

हा धूर केवळ ठसका आणणारा नसतो. तेल फार तापले की त्यातून ॲक्रोलीन नावाचा झोंबणारा वायू निघतो. तो डोळ्यांना आणि श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला इजा करतो. तेलाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात आणि गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. यांतील प्रत्येक गोष्ट दम्याच्या रुग्णाची नळी आवळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तीव्र आचेवरील तळणातून निघणाऱ्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले आहे. याचा अर्थ तळणाने प्रत्येकाला कर्करोग होतो असा नव्हे. पण हा धूर बाहेर जातो आहे ना, हे पाहण्याइतके कारण त्यात निश्चित आहे.

उष्णता कोठे हरते

ब्लोअरच्या बाबतीतही उष्णतेला एक मर्यादा आहे. ताजे तेल तापवल्यावर वाहते. पण पातळ थरात पसरलेले तेल दिवसेंदिवस उघडे राहिले की हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होतो, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि डिंकासारखा चिवट थर तयार होतो. जुन्या कढईच्या बाहेरच्या बाजूला बसलेली तपकिरी साय आठवा. ती गरम केल्याने वितळत नाही, उलट अधिक पक्की होते. चिमणीच्या आत तसा थर धरला, की ऑटो-क्लीन कितीही वेळा चालवले तरी तो वाटीत उतरत नाही.

हा थर किती लवकर धरतो, हे तेलावरही अवलंबून असते. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीनची तेले लवकर सुकून चिकट होतात. करडईचे तेल रंग आणि वार्निशात वापरले जाते, ते याच गुणामुळे. शेंगदाण्याचे तेल त्या मानाने सावकाश सुकते. खोबरेल थंडीत थिजते, पण असे सुकत नाही, त्यामुळे ते उष्णतेने सहज वाहते. याचा अर्थ चिमणीसाठी खाण्याचे तेल बदलावे असा नाही. एवढेच, की सूर्यफूल किंवा करडईचे तेल वापरणाऱ्या घरी दोन सफायांमध्ये फार अंतर ठेवू नये.

उष्णतेची सफाई तेल ताजे असतानाच करायची असते. रोज फोडणी आणि अधूनमधून तळण असलेल्या घरात दर दहा ते पंधरा दिवसांनी ती करावी. वर्षभर थांबून एका दिवशी पाच वेळा बटण दाबल्याने मागचे भरून निघत नाही. सफाई चालू करण्यापूर्वी शेगडी पूर्ण बंद असावी, वाटी आपल्या जागी नीट बसलेली असावी आणि खिडकी उघडी असावी. या वेळी तापलेल्या तेलाचा उग्र वास येतो. घरात दमेकरी असेल तर त्याने ती पंधरा मिनिटे दुसऱ्या खोलीत बसावे. सफाई संपल्यावर सर्व भाग थंड होऊ द्यावा आणि मगच वाटी काढावी.

वाटीतले तेल मोरीत ओतू नये, ते नळीत थिजून तुंबते. जुन्या वर्तमानपत्रात टिपून ते कचऱ्यात टाकावे आणि वाटी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून लावावी. "दिव्याला चालेल का?" असे एका भगिनीने मला विचारले होते. चालणार नाही. हे वारंवार तापलेले, खवट झालेले, काजळी मिसळलेले तेल आहे. ते जाळले तर तोच धूर पुन्हा घरात येईल.

वाटी काठोकाठ भरू देणे मात्र धोक्याचे आहे. ती भरली किंवा तिरकी बसली, तर तेल शेगडीवर ठिबकते आणि खाली ज्योत असेल तर भडका उडू शकतो. ओट्यावर अचानक तेलाचे थेंब दिसू लागले तर आधी वाटी पाहावी. कढईतले तेल कधी पेटलेच, तर त्यावर पाणी ओतू नये. गॅस बंद करावा, कढईवर झाकण सरकवावे आणि चिमणी बंद करावी, नाहीतर ती ज्वाळा वर ओढून घेते.

फिल्टर स्वच्छ असूनही लागोपाठ दोन-तीन सफायांत वाटीत काहीच उतरले नाही, तर त्याची तीन कारणे संभवतात: हीटर बिघडला आहे, वाटीकडे येणारे छिद्र तुंबले आहे, किंवा आतले तेल सुकून चिवट झाले आहे. सफाईच्या वेळी गरम तेलाचा वास आलाच नाही, तर पहिले कारण अधिक संभवते. तिन्हींचा उपाय तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावा. हीटर आणि पंखा घरी उघडण्याच्या वस्तू नव्हेत.

हाताने धुणे

फिल्टरवरच्या तेलाला पाणी एकटे काढू शकत नाही आणि उष्णता त्याला फक्त पातळ करते. साबणाचे काम वेगळे आहे. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला, आणि तेल लहान थेंबांत सुटून पाण्याबरोबर वाहून जाते. घासण्याने सुकलेला थर फुटतो आणि साबणाला आत शिरायला वाट मिळते. जुना, चिवट थर उष्णतेला दाद देत नाही, पण साबण, गरम पाणी आणि ब्रश या तिघांपुढे हळूहळू नमतो, तो यामुळे.

काकूंचे फिल्टर पोलादी होते. मुलाने ते असे धुतले: मोठ्या टबात हाताला सोसेल त्याहून थोडे अधिक गरम पाणी घेतले, त्यात भांडी घासण्याचे द्रव दोन-तीन चमचे आणि खाण्याचा सोडा अर्धी वाटी घातला आणि फिल्टर तासभर बुडवून ठेवले. नंतर रबरी हातमोजे घालून नायलॉनच्या ब्रशने पट्ट्यांच्या फटी घासल्या. पाणी गढूळ पिवळे झाले, ते टाकून पुन्हा नवे केले. दीड वर्षाचा थर निघायला अशा तीन फेऱ्या लागल्या. महिन्याच्या महिन्याला धुतले असते तर एका फेरीत काम झाले असते. शेवटी स्वच्छ पाण्याने खळखळून, उन्हात पूर्ण कोरडे करून ते बसवले. ओले फिल्टर लावू नयेत, वरच्या बाजूला विजेची जोडणी असते.

आपले फिल्टर ॲल्युमिनियमच्या जाळीचे असतील तर सोडा टाळावा, त्याने धातू काळवंडतो. त्यांना गरम पाणी आणि साबण पुरेसा आहे. बारीक जाळी लवकर तुंबते, म्हणून ती दर पंधरा दिवसांनी धुवावी. तारेच्या घासणीने जाळी फाटते, पोलादावरही चरे पडतात.

एक सूचना डॉक्टर म्हणून आवर्जून करतो. लवकर निघावे म्हणून काही जण कॉस्टिक सोडा वापरतात. त्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर बुबुळ कायमचे अधू होऊ शकते. तो घरी वापरू नये. ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. कोणतेही रसायन डोळ्यात गेलेच, तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि तसेच रुग्णालय गाठावे. दमेकऱ्याने फवारायची द्रव्येही टाळावीत, आणि धुण्याचे काम शक्यतो घरातल्या दुसऱ्या कोणी करावे.

वहीतला शेवटचा रकाना

फिल्टर बसवल्यावर वर्तमानपत्राचे पान पुन्हा टेकवले. या वेळी ते घट्ट चिकटून राहिले. औषध मी तेच ठेवले, बदलले नाही. काकूंना दोन गोष्टी सांगितल्या: गॅस पेटवण्यापूर्वी दोन मिनिटे चिमणी सुरू करायची, आणि स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटे ती चालू ठेवायची. तीन आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या. स्वयंपाकापूर्वी २९०, नंतर २८०. खोकल्याची उबळ आठवड्यातून एखाद्या वेळी, तीही मिरच्या परतताना. आणखी महिनाभर हे टिकल्यावर मी वाढवलेली मात्रा पूर्वीइतकी केली.

एका रुग्णाच्या वहीवरून सर्वांसाठी नियम सांगता येत नाही. त्या काळात पाऊसही ओसरला होता, चिमणी आधी आणि नंतर चालवण्याची सवयही नवी होती. कशाचा वाटा किती, हे मी सांगू शकणार नाही. पण स्वयंपाकानंतर आकडा रोज उतरत होता आणि नंतर तो उतरायचा थांबला, हे वहीत लिहिलेले आहे.

आता त्यांच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर तीन खुणा असतात. दर शनिवारी वाटी पाहायची. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी बटण दाबायचे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फिल्टर टबात घालायचे. वर्षातून एकदा तंत्रज्ञ येऊन ब्लोअर आणि नळी पाहून जातो. आपल्या घरीही आज रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर, शेगडी बंद करून आणि ओटा निवल्यावर, वर्तमानपत्राचे एक पान फिल्टरवर टेकवून पाहा. ते खाली पडले, तर बटणाकडे नव्हे, फिल्टरकडे हात न्या.